सर्वेक्षणातील उत्तरांचे प्रमाण विचलन: एक्सेलमध्ये 1.27, मैत्रिणीच्या पायथनमध्ये 1.20. प्रबंधात कोणते लिहू?

रानजाई
नमस्कार मंडळी. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा लघुप्रबंध लिहिते आहे. विषय आहे अंगणवाडी सेविकांना मिळालेलं बालआहाराचं प्रशिक्षण आणि त्याबद्दल त्यांचं मत. प्रश्नावलीत 12 विधानं आहेत, प्रत्येकाला 1 ते 5 गुण (1 पूर्ण असहमत, 5 पूर्ण सहमत). प्रकरण चारमध्ये प्रत्येक विधानाची सरासरी आणि प्रमाण विचलन द्यायचं आहे.

"प्रशिक्षणात सांगितलेलं मला अंगणवाडीत रोज वापरता येतं" या सातव्या विधानाची उत्तरं अशी आली: 4, 5, 3, 4, 2, 5, 4, 3, 4, 1. सरासरी 3.5. एक्सेलमध्ये `=STDEV.S(H2:H11)` दिलं तर 1.27 येतं. `=STDEV.P(H2:H11)` दिलं तर 1.20. मैत्रिणीने तीच उत्तरं पायथनमध्ये घातली, तिला 1.20 आलं.

आमच्या गाईड मॅडम म्हणतात, "तू सगळ्यांना विचारलंस ना, मग P घे." वर्गातले बाकीचे सरसकट S वापरतात, कारण मागच्या वर्षीच्या प्रबंधांत तेच आहे. व्हायवात विचारलं तर "मागच्या वर्षी होतं म्हणून" हे उत्तर मला द्यायचं नाही. नेमकं कशावरून ठरवायचं?

मुळशीकर
सोपं आहे. उत्तरं 30 पेक्षा कमी असतील तर S, जास्त असतील तर P. आम्हाला एमबीएला असंच शिकवलं होतं. तुमच्या 10 आहेत, S घ्या.

तिफण
मुळशीकर, तुमच्या नियमात एक गोष्ट खरी आहे, पण ती निवडीची नाही. उत्तरं वाढत गेली की दोन्ही आकडे जवळ येतात, एवढंच. 10 उत्तरांना P हा S पेक्षा 5 टक्क्यांनी कमी येतो, 30 ला 1.7 टक्के, 100 ला अर्धा टक्का. म्हणून मोठ्या सर्वेक्षणात कोणी P लिहिलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही. तरीही 400 जणांच्या नमुन्याला S च लागू होतं आणि सात जणांच्या पूर्ण समितीला P. संख्येवरून फरक किती हे कळतं, निवड कळत नाही.

रानजाई, आधी हिशेब हाताने करून बघा, म्हणजे दोन्ही फंक्शन्स कुठे वेगळी होतात ते दिसेल. प्रत्येक उत्तरातून 3.5 वजा करा, वर्ग करा, बेरीज करा. 4 चे चार, 3 चे दोन: या सहांचा वर्ग प्रत्येकी 0.25, म्हणजे 1.5. दोन 5 आणि एक 2: प्रत्येकी 2.25, म्हणजे 6.75. एकटा 1: 6.25. एकूण 14.5. इथपर्यंत दोघांचा रस्ता एकच आहे. P या 14.5 ला 10 ने भागतो, 1.45 येतात, वर्गमूळ 1.204. S 9 ने भागतो, 1.611 येतात, वर्गमूळ 1.269. बाकी काहीही वेगळं नाही.

तुमच्या मैत्रिणीने बहुतेक नमपाय वापरलं असणार. तिथे काही सांगितलं नाही तर 10 ने भागाकार होतो. पांडाज न सांगता 9 ने भागतं. एकाच भाषेतली ही दोन लोकप्रिय साधनं, आणि दोघांची सवय उलटी.

```python
import numpy as np, pandas as pd
a = [4, 5, 3, 4, 2, 5, 4, 3, 4, 1]
np.std(a)            # 1.204
np.std(a, ddof=1)    # 1.269
pd.Series(a).std()   # 1.269
```

आर मधलं `sd()` आणि एसपीएसएसचं वर्णनात्मक कोष्टक 9 नेच भागतात. जुन्या एक्सेल फाइलीत `STDEV` दिसलं तर ते S, आणि `STDEVP` दिसलं तर ते P.

सांजवात
गाईड मॅडमचं बरोबर आहे की. सगळ्या दहा जणींना विचारलं म्हणजे तीच जनसंख्या. नमुनाच नाही तर नमुन्याचं सूत्र कशाला?

तिफण
सांजवातताई, "सगळ्या" म्हणजे कोणाच्यातल्या सगळ्या, यावर ते अवलंबून आहे. प्रबंधातलं वाक्य "या दहा जणींच्या उत्तरांत इतका फरक होता" एवढ्यावर थांबत असेल तर P अगदी बरोबर. पण पाचव्या प्रकरणात "असं प्रशिक्षण सेविकांना उपयोगी वाटतं" असं लिहिलंत, तर तुम्ही या दहा जणींवरून न विचारलेल्या सेविकांबद्दल बोलताय. त्याच क्षणी या दहा जणी नमुना होतात, प्रशिक्षणाला आलेल्या प्रत्येकीला विचारलं असलं तरी. आकड्यांत तसं काही लिहिलेलं नसतं, ते तुमच्या वाक्यात असतं.

रानजाई, तुमच्या उद्दिष्टांत नेमके शब्द काय आहेत? आणि प्रशिक्षणाला एकूण किती जणी होत्या?

रानजाई
उद्दिष्ट दोन: "अंगणवाडी सेविकांचा प्रशिक्षणाच्या उपयुक्ततेविषयीचा दृष्टिकोन अभ्यासणे." मर्यादेत तालुक्याचं नाव आहे.

आणि हो, प्रशिक्षणाला 14 जणी होत्या. चौघींचे फॉर्म आले नाहीत. मॅडमना मी "सगळे फॉर्म भरले" असं सांगितलं होतं, त्यांनी त्याचा अर्थ सगळ्यांनी भरले असा घेतला असावा. माझ्याही डोक्यात हे दोन वेगळे आहेत असं आलं नव्हतं.

आंबेमोहर
माझाही असाच घोळ झाला होता म्हणून लिहितो. आमच्या बाजारपेठेतल्या 50 दुकानदारांचं सर्वेक्षण केलं होतं, तेही 1 ते 5 वर. एका प्रश्नाचं विचलन साडेतेरा आलं! S घेतलं, P घेतलं, दोन्हीकडे साडेतेराच्या आसपास. आठवडाभर फंक्शन बदलत बसलो. शेवटी कळलं की एकाने उत्तर दिलं नव्हतं आणि भरणाऱ्या मुलाने तिथे 99 टाकलं होतं. तो एक आकडा काढल्यावर 1.1 आलं. तेव्हा ताई, आधी विदा तपासा.

तिफण
आंबेमोहर यांचा प्रश्न वेगळा होता, पण मुद्दा इथे कामाचा आहे. 1 ते 5 च्या मापनात P कधीच 2 च्या वर जाऊ शकत नाही. निम्म्यांनी 1 आणि निम्म्यांनी 5 दिले तर बरोबर 2 येतात, याहून जास्त विखुरता येतच नाही. दहा उत्तरांना S ची कमाल 2.11. त्यामुळे कोष्टकात 2.5 दिसलं की सूत्राकडे न बघता स्तंभाकडे बघायचं.

उलट बाजूची चूक डोळ्याला दिसत नाही. रिकामा चौकोन दोन्ही फंक्शन्स सोडून देतात, ते ठीक आहे. पण रिकाम्या जागी 0 भरला असेल तर तो उत्तर म्हणून मोजला जातो. आणि 4 हा आकडा मजकूर म्हणून साठवला गेला असेल तर तो गुपचूप गळतो. `=COUNT(H2:H11)` लावा. 10 यायला हवेत. 9 आले तर एक उत्तर हिशेबात नाही, आणि भाजकही तुम्ही समजता तो नाही. `STDEVA` मात्र वापरू नका, ते मजकुराला शून्य धरतं.

रानजाई
बाराही स्तंभांना COUNT लावलं. अकरा ठिकाणी 10, नवव्या विधानाला 9. तिथे एकीने "4 किंवा 5" असं लिहिलेलं मी तसंच टाइप केलं होतं! त्या विधानाला n = 9 असं कोष्टकात वेगळं लिहिते.

आता मूळ प्रश्न. 9 ने भागायचं हे समजलं, पण 9 च का? "स्वातंत्र्य मात्रा" हा शब्द मी परीक्षेत लिहिला आहे, समजून नाही.

तिफण
अगदी छोटी जनसंख्या घेऊ, म्हणजे सगळं डोळ्यासमोर राहील. समजा जगात तीनच उत्तरं आहेत: 1, 3, 5. सरासरी 3, फरकांचे वर्ग 4, 0, 4. तीनने भागलं की 2.667. हा खरा व्हेरियन्स, आणि आपल्याला तो माहीत नाही असं समजायचं.

आता दोन-दोन उत्तरांचे नमुने उचला, उचललेलं परत ठेवून. एकूण नऊ जोड्या होतात. (1,1), (3,3), (5,5) या तीन जोड्यांत फरकच नाही, वर्गांची बेरीज 0. 1 आणि 3 ची जोडी दोन क्रमांनी येते, सरासरी 2, वर्गांची बेरीज 2. 3 आणि 5 चंही तसंच, 2. 1 आणि 5 ची जोडी दोनदा, सरासरी 3, वर्गांची बेरीज 8. नऊही जोड्यांची मिळून बेरीज 24.

प्रत्येक जोडीला 2 ने भागलंत तर नऊ जोड्यांची सरासरी 12 भागिले 9, म्हणजे 1.333. खऱ्याच्या निम्मं! प्रत्येक जोडीला 1 ने भागलंत तर 24 भागिले 9, म्हणजे 2.667. तंतोतंत.

कारण (1,3) या जोडीत दिसतं. खरी सरासरी 3 आहे, पण जोडीला ते ठाऊक नाही, ती स्वतःची सरासरी 2 धरते. ती सरासरी या दोघांच्या बरोबर मधोमध बसते, म्हणून फरक लहान दिसतात: 1 आणि 1. खऱ्या सरासरीपासून मोजले असते तर 2 आणि 0 आले असते, वर्गांची बेरीज 4. नमुना नेहमी स्वतःच्या मध्याभोवती मोजतो, म्हणून वर्गांची बेरीज कमी भरते. n ऐवजी n-1 ने भागणं म्हणजे ती तूट भरून काढणं. या दुरुस्तीला बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाचं नाव आहे. ग्रहताऱ्यांच्या मोजमापांतही हीच अडचण होती.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. तंतोतंत होतो तो व्हेरियन्स. वर्गमूळ घेतल्यावर प्रमाण विचलन सरासरीने अजूनही थोडं कमीच राहतं. याच नऊ जोड्यांच्या S ची सरासरी 1.257 येते, खरं विचलन 1.633 आहे. जोडी म्हणजे दोनच उत्तरं म्हणून इथे फरक इतका मोठा आहे, दहा उत्तरांना तो बराच लहान होतो. पण S "अचूक" आहे असं प्रबंधात लिहू नका.

गवतीचहा
उदाहरण सुंदर आहे, पण एक शंका. तुम्ही उत्तर उचलून परत ठेवताय. रानजाईने एकाच सेविकेला दोनदा विचारलं नाही ना? मग (1,1) ही जोडी येणारच नाही.

तिफण
बरोबर पकडलंत. परत न ठेवता उचललं तर तीनच जोड्या उरतात: 1-3, 3-5, 1-5. वर्गांच्या बेरजा 2, 2, 8. प्रत्येकीला 1 ने भागून सरासरी काढली तर 12 भागिले 3, म्हणजे 4. आणि 4 कुठून येतात? तीन उत्तरांच्या वर्गांची बेरीज 8, तिला 3 ऐवजी 2 ने भागलं की. म्हणून नमुना सर्वेक्षणाच्या पुस्तकांत संपूर्ण जनसंख्येचा व्हेरियन्ससुद्धा बरेचदा N-1 ने भागून मांडलेला असतो, म्हणजे सूत्रं सुटसुटीत राहतात. जनसंख्या म्हणजे P आणि नमुना म्हणजे S ही वाटणी एक्सेलच्या मेनूत दिसते तितकी सरळ नाही.

गवतीचहा
मग खरं तर N-1 च सगळीकडे वापरावं असं मला वाटतं. पूर्ण जनगणना असली तरी.

तिफण
तसं मानणारे आहेत. मला ते पटत नाही. 14 च्या 14 फॉर्म हातात असतील आणि फक्त त्या 14 बद्दल बोलायचं असेल, तर उत्तरांतलं अंतर हे त्या 14 चं सरळ वर्णन आहे, तिथे कसली तूट भरायची? पण यावर वाद होऊ शकतो हे मान्य.

रानजाई
म्हणजे माझ्या बाबतीत S. पण मग 14 पैकी 10 याचं काय? तालुक्यातल्या सेविकांबद्दल बोलायचं की या 14 जणींबद्दल, याने S बदलतो का?

तिफण
S बदलत नाही, 1.27 च राहतो. बदलते ती सरासरीची प्रमाण त्रुटी, आणि तिथला फरक 1.20 आणि 1.27 च्या फरकापेक्षा खूप मोठा आहे. बघा. 1.269 ला 10 च्या वर्गमुळाने भागा, 0.40 येतात. असं प्रशिक्षण घेणाऱ्या सेविकांबद्दल सर्वसाधारण विधान करायचं असेल तर 3.5 या सरासरीसोबत हे 0.40 जाईल.

फक्त या 14 जणींची सरासरी सांगायची असेल तर चित्र वेगळं आहे. 14 पैकी 10 उत्तरं हातात आहेतच, अज्ञात फक्त चार. म्हणून 0.40 ला (1 - 10/14) च्या वर्गमुळाने गुणायचं, ते 0.53. उत्तर 0.21. जवळजवळ निम्मं. P की S यावर तुम्ही 5 टक्क्यांसाठी झगडत होता, आणि "कोणाबद्दल बोलते आहे" या प्रश्नावर निम्मी त्रुटी अवलंबून आहे. मॅडमशी हे आधी बोला.

सांजवात
माझा एक प्रश्न. त्या चौघींनी फॉर्म का दिला नाही? मी स्वतः पर्यवेक्षिका होते, म्हणून विचारते. प्रशिक्षण आवडलं नाही की फॉर्म आपोआप मागे राहतो. किंवा लांबच्या वाडीवरच्या असतात, बैठकीला येणंच होत नाही.

रानजाई
ताई, चौघीही डोंगरापलीकडच्या वाड्यांवरच्या आहेत. महिन्याच्या बैठकीत मी फॉर्म वाटले, त्या दिवशी गाडी आली नव्हती. आणि मला वाटतं, सातव्या विधानाला त्यांची उत्तरं खालची आली असती. तिकडे शिधा वेळेवर पोचत नाही असं बाकीच्या सेविका सांगतात. मग प्रशिक्षणात दाखवलेल्या पाककृती रोज कशा करणार?

तिफण
मग 0.21 लिहू नका. ते गणित चारजणी कोणत्या हे नशिबाने ठरलं असेल तरच चालतं. इथे रस्त्याने ठरलं आहे. 9 ने भागा नाहीतर 10 ने, न आलेल्या उत्तरांचा कल भाजकातून दुरुस्त होत नाही. समजा त्या चौघींनी 2 दिले असते तर सरासरी 3.5 वरून 3.07 वर आली असती (35 अधिक 8, भागिले 14). सांजवातताईंनी विचारलं म्हणून हे बाहेर आलं, माझ्या डोक्यात नव्हतं.

त्यांच्यापर्यंत पोचता येईल का? फोनवर बारा विधानं वाचून दाखवली तरी वीस मिनिटांत होतं.

गवतीचहा
आणखी एक, आता राहवत नाही म्हणून. 1 ते 5 ही सहमतीची क्रमवारी आहे. 1 आणि 2 मधलं अंतर 4 आणि 5 मधल्या अंतराएवढंच आहे हे कोणी मोजलं? मी तर सरासरी आणि विचलन दोन्ही न देता सरळ संख्या देईन: 5 दोघींनी, 4 चौघींनी, 3 दोघींनी, 2 एकीने, 1 एकीने. दहा जणींसाठी हेच सगळ्यात प्रामाणिक.

मुळशीकर
पण विद्यापीठाच्या नमुन्यात सरासरी आणि एसडीचे रकाने ठरलेले असतात. ते रिकामे ठेवले तर प्रबंध परत येईल.

तिफण
गवतीचहा यांच्याशी मी निम्मा सहमत आहे. संख्या जरूर द्या, कारण 3.5 आणि 1.27 वरून त्या एकटीने 1 दिलं हे कोणालाच दिसत नाही. तिचा वाटा बघा: 14.5 पैकी 6.25 एकटीचे. पण बाराही विधानांची आपसात तुलना करायला सरासरी आणि विचलनाचे रकाने उपयोगी पडतात, म्हणून ते काढून टाकावेत असं मला वाटत नाही. अट एकच, बाराही ओळींना एकच फंक्शन आणि कोष्टकाखाली ते कोणतं याची एक ओळ.

रानजाई
काल मॅडमशी बोलले. चौघींचे फॉर्म आले नाहीत हे आधी सांगितलं. त्यांना राग आला नाही, म्हणाल्या "मग तो P चा सल्ला मागे." कोष्टकाखालची ओळ अशी ठरली:

"प्रमाण विचलन n-1 ने भागून (STDEV.S) काढले आहे. प्रशिक्षणार्थी 14, प्राप्त उत्तरे 10. विधान 9 साठी 9. उत्तर न आलेल्या चारही सेविका दुर्गम वाड्यांवरील आहेत."

शेजारी प्रत्येक गुणाची संख्याही देते आहे. आज दोघींशी फोनवर बोलणं झालं. सातव्या विधानाला एकीने 2 दिले, दुसरीने 4. म्हणजे माझा अंदाज निम्माच बरोबर. तिसरीचा फोन लागत नाही, चौथी म्हणाली गुरुवारी बैठकीला येते, तेव्हा भरून देते.

आता प्रश्न असा की फोनवर घेतलेली उत्तरं आणि कागदावरची उत्तरं एकाच स्तंभात ठेवावीत का? फोनवर माझ्याशी बोलताना त्या "असहमत" म्हणायला संकोचतात असं मला जाणवलं.

सांजवात
स्तंभ एकच ठेव, पण शेजारी "फोन / कागद" असा रकाना कर. आणि गुरुवारी जी येईल तिला कागदच दे, समोर बसू नकोस.

गवतीचहा
मी फोनवरची वेगळी ठेवीन. तिफण, तुमचं काय मत?

तिफण
दोन उत्तरांवरून फोनचा परिणाम मोजता येणार नाही, म्हणून हिशेबात एकत्र आणि रकान्यात वेगळी, सांजवातताई म्हणतात तसं. पण संकोचाचं निरीक्षण मर्यादांमध्ये लिहा, रानजाई. आणि विदा बदलला की H2:H11 ची कक्षा H13 पर्यंत वाढवायला विसरू नका, COUNT आता 12 दाखवायला हवा.